कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टर आहे, साडीवरचा ब्लाऊज कसा घालावा?

मृदुला_नाशिक
आई (वय ६८) पडली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. तळहातापासून कोपराच्या वर, अर्ध्या दंडापर्यंत फायबरचं प्लॅस्टर आहे. हात कोपरात काटकोनात, गळ्यात झोळी. बोटं मोकळी आहेत, सूज उतरली आहे. पहिल्या कच्च्या प्लॅस्टरनंतरचं हे पक्कं प्लॅस्टर, ते अजून काही आठवडे राहणार.

घरात माझ्या गाऊनची उजवी बाही कापून टाकली, त्यात भागतं. पण माझ्या मावसभावाचं लग्न मध्येच येतंय. आईचं म्हणणं, "गाऊनवर शाल पांघरून मी मांडवात बसणार नाही, त्यापेक्षा येतच नाही." ती कायम पाचवारी नेसते. ब्लाऊज समोर हुकचे, बाही कोपराच्या जरा वरपर्यंत. एकही ब्लाऊज चढत नाही, बाही मनगटापाशीच अडते. नवीन मोठ्या बाहीचा शिवून घेऊ, की आहे त्यातलाच एखादा उसवू? कोणी केलं असेल तर नीट सांगा. गल्लीतला शिंपी म्हणतो, "प्लॅस्टर निघाल्यावर या."

हर्षल_७
ताई, एवढा विचार कशाला! दोन साइझ मोठा शर्ट घ्या. माझा हात मोडला होता तेव्हा बाबांचे शर्ट घातले, सगळं निभावलं. आधी चांगला हात घालायचा, मग दुखरा हळूच सरकवायचा.

अनघा_ठाणे
हर्षलदादा, क्रम उलटा सांगितलात. दुखरा हात आधी, चांगला नंतर. काढताना चांगला हात आधी मोकळा करायचा, मग कपडा दुखऱ्या हातावरून सरकून खाली येतो. चांगला हात आधी घातला की कपड्यातली सगळी सैल जागा तिकडे जाते आणि दुखरा हात मागे ओढून कोंबावा लागतो. मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे, नातेवाईकांना हे रोज सांगते.

तुमचा शर्ट चालला, कारण तुमचं प्लॅस्टर बहुतेक कोपराच्या खाली संपत होतं.

हर्षल_७
हो, कोपराच्या खालीच होतं. त्याने काय फरक पडतो?

शिंपीणकाकू
सगळा फरक त्यानेच पडतो रे बाबा.

मृदुला, टेप घे आणि आईच्या हाताची तीन मापं घे. एक, तळहात, अंगठ्यासकट, प्लॅस्टरवरून. दुसरं, दंडावर जिथे प्लॅस्टर संपतं तिथला घेर. तिसरं कोणी घेत नाही ते: कोपराच्या टोकावरून आतल्या खळीपर्यंत तिरका फिरवून घेतलेला घेर. मग तिचा नेहमीचा ब्लाऊज सपाट पसरून बाहीचं तोंड आणि मुंढा, म्हणजे बाही जोडलेल्या जागेचा घेर, मोज. आकडे इथे टाक, मग बोलू.

बंडूनाना
आमच्याकडे पायाचं आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत. पँट कशी घालावी ते कोणी सांगेल का? धागा त्याचाच आहे असं वाटलं.

प्राजक्ता
नाना, धागा ब्लाऊजचा आहे. 😀 पण लुंगी आहे की.

बंडूनाना
लुंगीच चालू आहे. दवाखान्यात लुंगीवर जायला चिरंजिवांना लाज वाटते.

शिंपीणकाकू
नाना, जुना सुती पायजमा घ्या आणि त्या पायाची बाहेरची शिवण घोट्यापासून पार कमरेच्या नेफ्यापर्यंत उसवा. आतली शिवण उघडू नका, मांडीत गाठी आणि वेल्क्रो घासतात. नेफा तेवढा शाबूत ठेवा. उघड्या बाजूला चार जागी नाड्या लावा. बाजारात बाजूने टिचबटनं असलेली खेळाडूंची पँट मिळते, तीही चालते, पण बटनं घोट्यापाशीच आहेत की कमरेपर्यंत ते बघून घ्या. नेसवताना प्लॅस्टरचा पाय आधी. आता ब्लाऊजकडे वळू दे.

मृदुला_नाशिक
मोजलं काकू. तळहात साडेदहा इंच. दंडावर प्लॅस्टर संपतं तिथे १४. तिरका घेर १७ भरला! ब्लाऊजच्या बाहीचं तोंड साडेअकरा, मुंढा १५ आणि थोडा. प्लॅस्टर नसताना आईचा दंड जेमतेम ११ आहे.

शिंपीणकाकू
आता बघ. बाही हातातून चढवायची तर ती १७ च्या वळणावरून जायला हवी. हात सरळ असता तर १४ वर भागलं असतं, पण काटकोनात अडकलेला कोपर म्हणजे पाईपचा एल. वर सरकायला दीड इंच सैल धरला तर बाहीचं तोंड साडेअठरा, आणि मुंढाही तेवढाच. म्हणजे छत्तीसच्या अंगाच्या ब्लाऊजला बेचाळीसच्या अंगाची बाही. खांदा उतरणार, गळा सरकणार, काखेत कापडाचा गोळा होणार. हर्षल, मोठा शर्ट इथेच फसतो. शर्ट दोन साइझ वाढला की छाती चार इंच वाढते, मुंढा तेवढा वाढत नाही. नको तिथे सैल आणि हवं तिथे घट्ट.

शिवाय साडेअठराची बाही लोंबते. ताटात जाते, आणि गॅसपाशी तर नकोच.

म्हणून मी मोठी बाही शिवत नाही, बाजू उघडते. बाहीच्या तोंडापासून काखेपर्यंत आणि काखेतून खाली ब्लाऊजच्या कडेपर्यंत एकच सलग उभी शिवण असते. ती पूर्ण उसवली की उजवी बाजू म्हणजे खांद्यावर टाकायचं एक कापड. हात कशातूनही घालायचा नाही! बाही वरून दंडावर अंथरायची, पाठ मागून आणायची, डावा हात नेहमीसारखा घालायचा, समोर हुक लावायचे, आणि मग काखेखालची उघडी बाजू बंद करायची. १७ चा प्रश्नच संपला. दंडाचा १४ तेवढा झाकायचा उरला.

सई_डोंबिवली
अय्या, म्हणजे बाळाच्या झबल्यासारखं!

शिंपीणकाकू
झबलंच. आणि आपल्या जुन्या बाराबंदीलाही बाजूला बंदच असायचे की.

मृदुला_नाशिक
पण बाही साडेअकराची आणि दंड १४ चा. मधली फट?

शिंपीणकाकू
फटीसाठी पट्टी. उसवल्यावर आधी माया, म्हणजे शिवणीत आत ठेवलेलं जादा कापड, किती सुटते ते बघ. घरी किंवा चांगल्या शिंप्याने शिवलेल्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया असते. पुढच्या कापडाची इंचभर आणि मागच्या कापडाची इंचभर उघडली की साडेअकराचे साडेतेरा झाले. तरी अर्धा इंच कमी, आणि एकावर एक चढवायला दीड इंच हवा, आणि थोडं सैलही हवं. म्हणून तीन इंच रुंद तयार होईल अशी पट्टी, उंची बाहीच्या तोंडापासून ब्लाऊजच्या कडेपर्यंत. तुमच्या बाहीला सहा आणि बाजूला सहा-सात, म्हणजे बारा-तेरा इंच. पट्टी फक्त मागच्या कापडाला शिवायची. पुढचं कापड तिच्यावर चढेल. अंगाच्या बाजूला एवढी रुंदी लागत नाही, तिथे पट्टी खाली निमुळती करत दीड इंचावर आण, नाहीतर कमरेपाशी फुगेल.

पट्टीला ब्लाऊजचंच कापड हवं असं नाही. हात झोळीत असतो, काखेखालचं दिसत नाही. त्याच रंगाचं सुती अस्तर पुरे. रेडिमेड ब्लाऊज उसवू नकोस, त्याला ओव्हरलॉक मारून माया पाव इंचावर आणलेली असते, उसवलं की धागे निघतात. अस्तराचा असेल तर चारही थर एकत्र उसव आणि कडा दुमडून कच्चा टाका घाल. कात्री कुठेच लावायची नाही. प्लॅस्टर निघालं की पट्टी काढून जुन्या टिपेवरच परत टीप मारायची, ब्लाऊज होता तसा.

प्राजक्ता
स्लीव्हलेस का नाही? बाहीच नको, भानगडच नको.

शिंपीणकाकू
तिच्या आईला विचार.

मृदुला_नाशिक
विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

अनघा_ठाणे
आणि स्लीव्हलेसलाही मुंढा असतोच. त्यालाही १७ च्या वळणावरून जावंच लागतं. समोरून पूर्ण उघडणारा, सैल मुंढ्याचा असेल तर चढतो, पण बाजू उघडल्याशिवाय सोपा नाही.

काकूंच्या सांगण्यात माझी एक भर. प्लॅस्टरच्या वरच्या काठावर काही आवळायला नको. इलॅस्टिकची बाही किंवा घट्ट पट्टी तिथे बसली की तिथून खाली हाताची सूज वाढते. बंद केल्यावर पट्टी आणि दंड यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. बोटं कपड्यात झाकू नका, ती दिसली पाहिजेत. नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं फुगली, निळसर पडली, बधिर झाली, किंवा दुखणं वाढत चाललं, तर कपड्याची खटपट सोडून लगेच दवाखाना गाठायचा.

मनगट मोडलेल्यांना खांदा हलवायला सहसा मनाई नसते. उलट खांदा आणि बोटं हलवत राहा असंच सांगतात, नाहीतर खांदा आखडतो. त्यामुळे आई हात अंगापासून वीतभर लांब धरू शकत असेल तर काखेखालची गाठ मारता येईल. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

देवेंद्र_कोल्हापूर
थांबा, आमच्या वडिलांना हे जमणार नाही. त्यांचा खांद्याजवळ दंड मोडलाय, हात छातीशी बांधून ठेवलाय. काखेत हात घालूच देत नाहीत, ओरडतात. सदरा कसा घालायचा?

अनघा_ठाणे
त्यांना ओढून हात लांब करायला लावू नका. तिथे काखेची बाजू उपयोगाची नाही. उघड वर हवी.

शिंपीणकाकू
देवेंद्रदादा, सदऱ्याची खांद्याची शिवण उसवा, गळ्यापासून बाहीच्या डोक्यापर्यंत, आणि तिथून बाहीच्या वरच्या अंगाने मधोमध सरळ खाली तोंडापर्यंत कापा. बाहीवर शिवण नसते, म्हणून इथे कापावंच लागतं, जुनाच सदरा घ्या. हात जसा बांधलाय तसाच राहू दे. सदरा डोक्यातून घातल्यावर खांद्याची दोन टोकं दुखऱ्या बाजूला वर जोडायची. तिथे वेल्क्रो लावा, गाठ नको, झोळीचा पट्टा त्याच खांद्यावर असेल तर बोचते. आणि झोळी सदऱ्याच्या आत की बाहेर, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. कपड्यासाठी झोळी सोडायची की नाही हे ते सांगतील, आपण नाही.

देवेंद्र_कोल्हापूर
हे कोणी सांगितलंच नव्हतं. आज सदरा उसवतो.

हर्षल_७
नाड्या, गाठी... वेल्क्रोच लावा की सगळीकडे! चर्र करून उघडलं.

सई_डोंबिवली
साडीवर वेल्क्रो? रेशमाचे धागे ओढले जातील. माझ्या कांजीवरमचा पदर बॅगेच्या वेल्क्रोला अडकला होता, अजून दिसतो.

शिंपीणकाकू
दोघंही बरोबर. वेल्क्रोची काट्यांची बाजू नेहमी आतल्या थरावर, अंगापासून बाहेर तोंड करून, आणि मऊ बाजू तिच्यावर येणाऱ्या थरावर लावायची. बंद असताना काटे झाकले जातात. पण थोडं सरकलं की एखादी कड उघडी पडते आणि साडी किंवा झोळी पकडते. धुताना बंद करून धुवा, नाहीतर धाग्यांनी भरतं आणि चिकटत नाही.

टिचबटन दिसायला उत्तम, पण दाबायला अंगठ्याचा जोर लागतो, म्हाताऱ्या एकट्या हाताला जमत नाही. नाड्या तर दोन हातांच्याच. लग्नाला मुलगी आहेच मदतीला, म्हणून मी नाड्या म्हणते. एकटं राहणाऱ्याला वेल्क्रोच. आईला एक नाडी बाहीच्या तोंडाशी, एक काखेच्या दोन-अडीच इंच खाली, एक कमरेशी. नेमकी काखेत नको. नाडी अर्धा इंच रुंद, चपटी, गोल डोरी नको. आणि सेफ्टी पिन कुठेच नको, प्लॅस्टरमध्ये गेली तर कळतही नाही.

प्राजक्ता
लोहचुंबकाची बटनं मिळतात ऑनलाइन. एका हाताने लागतात.

अनघा_ठाणे
मिळतात, पण छातीत पेसमेकर असेल तर वापरू नका. चुंबक पेसमेकरच्या जवळ, वीतभर अंतराच्या आत, आणूच नये.

मृदुला_नाशिक
आई बरी आहे हो, पेसमेकर नाही.
काम केलं. जुना जरीकाठी ब्लाऊज निघाला, माया सव्वा इंच मिळाली. पट्टी लावली, नाड्या शिवल्या. एकदा घालून पाहिला. खांदा आणि गळा अगदी जागेवर बसला. दोन अडचणी: बाहीचं कापड फायबरच्या खरबरीत अंगाला चिकटतं, सरकत नाही, कड उचकटायला लागली. आणि काखेत पट्टी गोळा होते.

शिंपीणकाकू
प्लॅस्टरवर घालायला जुना लांब मोजा घे, पंजाकडचं टोक काप आणि नळीसारखा चढव. मोजा सैल असू दे, आणि बोटं उघडी. त्यावरून कापड सहज सरकतं. प्लॅस्टरच्या कडेचा कापूस उकरू नकोस.
गोळ्यासाठी पट्टीला काखेपाशी, पट्टीच्या मधोमध, अर्ध्या इंचाच्या चुणीची खूण कर. चुणी आतून शिवून टाक, म्हणजे पट्टी तिथे वळते. उंची तेवढीच राहील.

सई_डोंबिवली
हे विचारायला जरा संकोच वाटतो, पण ब्लाऊजच्या आत काय? आईंना मागे हुक लावता येणार नाही.

अनघा_ठाणे
संकोच कसला, वॉर्डात पहिला प्रश्न हाच असतो. समोर हुक असलेली ब्रेसियर घ्यायची. उजव्या बाजूचा पट्टा पूर्ण सैल करून दुखऱ्या हातातून आधी वर चढवायचा. पट्टा अरुंद आणि लवचीक असतो, म्हणून कोपरावरून जातो, फक्त ओढू नका. हे नको असेल तर सुती टीशर्टच्या कापडाची बाजूने उघडलेली आतली बंडी, नाड्यांसकट, पुरे. ब्लाऊजसारखीच.

मृदुला_नाशिक
परकराचा प्रश्नही आला आहे. एका हाताने नाडी आवळता येत नाही, मी बांधली की तिला घट्ट वाटते, आणि सैल बांधली की निऱ्या घसरतात.

शिंपीणकाकू
परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घाल, दीड इंचाचं. साडीचं वजन पेलत नसेल तर नाडीही ठेव, पण गाठ डाव्या बाजूला, तिच्या चांगल्या हाताखाली. पदर तसाही डाव्या खांद्यावर जातो, उजवा हात मोकळा राहतो. सोयीचंच झालं.

प्राजक्ता
झोळी साडीच्या वरून की आतून? माझ्या आत्याने पदरच झोळीसारखा वापरला होता, फार सुंदर दिसलं.

अनघा_ठाणे
पदर दिसतो सुंदर, पण घसरतो, आणि हात खाली लोंबला की बोटं फुगतात. हात कोपरापेक्षा किंचित वर असायला हवा. खरी झोळी आतच ठेवा, पदर वरून नुसता सोडा. झोळीची गाठ मानेच्या मागच्या हाडावर नको, बाजूला आणा.

शिंपीणकाकू
मी झोळी बाहेर ठेवते. आत असली की साडी नेसवताना कापडाचा एक थर वाढतो आणि दर वेळी हात काढावा लागतो. रेशमी साडीच्या कापडाची झोळी शिवून द्यावी, दागिन्यासारखी दिसते.

अनघा_ठाणे
काकू, रेशमाची झोळी हात धरत नाही, कोपर मागून बाहेर सरकतो. वरून रेशीम, आतून जाड सुती असं करता येईल फार तर.

शिंपीणकाकू
करून बघते. पण झोळी बाहेरच.

देवेंद्र_कोल्हापूर
सदरा झाला. वडील म्हणाले, "आता गळ्याला का टोचतंय?" वेल्क्रोची कड गळ्याकडे आली होती, ती इंचभर आत घेतली.

अनिता_बेळगाव
उशिरा आले. माझा डावा हात आहे, आणि प्लॅस्टर कोपराच्या खालीच. पण पदर डाव्या खांद्यावरून येतो, त्याचं सगळं वजन झोळीच्या पट्ट्यावर पडतं, मान दुखते. पदर उजव्या खांद्यावर घेऊ का? गुजराती पद्धतीने?

मृदुला_नाशिक
अनिताताई, तसं केलं तर झोळीचा पट्टा आणि पदर वेगवेगळ्या खांद्यांवर जातील, हे खरं. पण गुजराती पद्धतीत पदर मागून पुढे येतो आणि त्याचं टोक पोटावरून डावीकडे नेऊन खोचावं लागतं, ते एका हाताने कसं जमायचं?

शिंपीणकाकू
टोकाला आतून टिचबटन. किंवा पदर आखूड, पिन मागे. अनिता, साडीचं कापड काय आहे ते सांग, त्यावर ठरेल. सुती असेल तर माझं मत डाव्याच खांद्यावर, पदर रुंद पसरून, आणि झोळीच्या पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेव.

अनिता_बेळगाव
इरकल आहे.

शिंपीणकाकू
मग वजन येणारच. फोटो टाक.